इंटर्नचं शेवटचं मूल्यमापन: फॉर्म उघडण्याआधी काय करायचं आणि मग काय लिहायचं

उन्हाळी इंटर्नशिपचा शेवटचा आठवडा आला की मेंटॉरच्या मेलबॉक्समध्ये एक फॉर्म येतो. पाच-सहा रकाने, प्रत्येकासमोर एक ते पाच आकडे आणि खाली ‘अभिप्राय’ म्हणून एक मोठी रिकामी चौकट. पहिल्यांदा मेंटॉर झालेला माणूस काय करतो ते मला माहीत आहे, कारण मीही तेच केलं होतं. सगळीकडे चार टाकले आणि चौकटीत लिहिलं, ‘हुशार, मेहनती, मनमिळाऊ.’ दहा मिनिटांत काम संपलं. पुढच्या वर्षी त्याच मुलाला घ्यायचं की नाही हे ठरवायला तो कागद पुन्हा माझ्याच समोर आला, तेव्हा त्यावरून मलाच काही आठवेना.

हा लेख पहिल्यांदाच असा फॉर्म भरणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण सॉफ्टवेअर टीममधल्या आठ आठवड्यांच्या इंटर्नचं घेतलंय, कारण मी तेच काम करतो. तिचं काम असं: वेगवेगळ्या पुरवठादारांकडून येणाऱ्या ऑर्डरच्या सीएसव्ही फाइली वाचायच्या, तपासायच्या आणि डेटाबेसमध्ये भरायच्या. कोणतीही टीम अशा कामावर इंटर्नला बसवते. छोटं वाटतं, पण त्यात पडायला खड्डे भरपूर.

आधी नोंदी काढा, मत नंतर

फॉर्म उघडू नका. एक तास काढा आणि आठ आठवड्यांत काय घडलं ते तारखेनिशी एका कागदावर आणा. स्मरणशक्तीवर विसंबलात तर शेवटचा आठवडा सगळं झाकून टाकतो. शेवटच्या शुक्रवारचं प्रेझेंटेशन चांगलं झालं तर अख्खी इंटर्नशिप चांगली वाटते, आणि डेमोच्या वेळी स्क्रिप्ट अडकली तर दुसऱ्या आठवड्यातलं चांगलं कामही पुसलं जातं.

कोडच्या कामात नोंदी आयत्या मिळतात:

```
git log --author="intern-name" --reverse --date=short --pretty="%ad %s"
```

ही कमांड सगळे कमिट जुन्यापासून नव्यापर्यंत तारखेसकट दाखवते. तुमच्या टीममध्ये मर्ज करताना सगळे कमिट एकत्र दाबून एकच करायची पद्धत असेल, तर मात्र इथे फारसं काही दिसणार नाही. मग रिव्ह्यूच्या पानांवर जाऊन शेरे वाचा. नाहीतरी खरा माल तिथेच असतो. शिवाय चॅटवर तिने विचारलेले प्रश्न आणि तुमच्या स्वतःच्या वहीतले कागद चाळा. कमिट मात्र मोजू नका. एकाच दिवशी चौदा कमिट करणारा माणूस चौदापट काम करतो असं नाही. बऱ्याचदा तो तेरा वेळा चुकलेला असतो.

त्याच कागदाच्या उजव्या बाजूला आणखी एक रकाना आखा: ‘आपण काय दिलं.’ हा रकाना फॉर्ममध्ये कधीच नसतो आणि त्याच्याशिवाय मूल्यमापन प्रामाणिक होत नाही. माझ्या त्या रकान्यात होतं: डेटाबेसची परवानगी मिळायला तीन दिवस लागले, चौथ्या आठवड्यात मी सलग सुट्टीवर होतो आणि तिला दुसऱ्या कुणाकडे सोपवायचं विसरलो, टेस्ट कशा लिहायच्या हे सातव्या आठवड्यापर्यंत तिच्याजवळ बसून एकदाही दाखवलं नाही. हे लिहिताना जरा लाज वाटते. वाटू द्या, पण रकाना भरा.

शिकण्याचा वेग: दोन सारखी कामं शेजारी ठेवा

‘लवकर शिकते’ हे वाक्य लिहायचं असेल तर ते कशाच्या तुलनेत, हे आधी ठरवा. इतर इंटर्नशी तुलना करू नका. कुणी कॉलेजात तीन प्रोजेक्ट करून आलेलं असतं, कुणी इथेच पहिल्यांदा टर्मिनल उघडतं. ती कुठे पोचली यापेक्षा कुठून निघाली आणि किती चालली हे बघायचं. त्यासाठी सुरुवातीचं एक काम आणि शेवटाकडचं तशाच प्रकारचं दुसरं काम निवडा.

माझ्याकडे सोयीची जोडी होती. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिने पहिल्या पुरवठादाराची फाइल भरणारी स्क्रिप्ट लिहिली: सहा दिवस, रिव्ह्यूच्या चार फेऱ्या, 23 शेरे. सहाव्या आठवड्यात दुसऱ्या पुरवठादाराची: दोन दिवस, दोन फेऱ्या, 7 शेरे. बघणारा म्हणेल, तिप्पट वेग! पण थांबा. दुसरी स्क्रिप्ट पहिलीचाच साचा घेऊन लिहिली होती, आणि पहिल्या सहा दिवसांतले काही परवानगीची वाट बघण्यात गेले होते. म्हणजे दिवसांच्या आकड्यावरून फार काही सिद्ध होत नाही.

म्हणून शेरे मोजून न थांबता त्यांची वर्गवारी केली. पहिल्या 23 मधले 9 नावं आणि मांडणीबद्दल होते, 6 टेस्टबद्दल, 5 चुका हाताळण्याबद्दल आणि 3 किरकोळ. दुसऱ्या वेळच्या 7 मध्ये मांडणीबद्दल एकही नव्हता. टेस्टबद्दल 4, चुका हाताळण्याबद्दल 2, किरकोळ 1. चित्र लगेच स्पष्ट झालं. नावं, मांडणी, टीमची पद्धत हे तिने एकदा सांगितल्यावर उचललं. टेस्टचं मात्र घोडं जिथल्या तिथे अडलेलं. शिकण्याचा वेग हा एक आकडा नसतोच. कशात वेग आहे आणि कशात नाही, हेच तर लिहायचं असतं.

दुसरी जोडी मदत मागण्याची. दुसऱ्या आठवड्यात फाइलचं एन्कोडिंग वेगळं असल्यामुळे स्क्रिप्ट मधेच कोलमडत होती. ती दोन दिवस गप्प बसून झगडत राहिली. मी विचारलं तर म्हणायची, “होईल, बघतेय.” सहाव्या आठवड्यात वेळा चुकत होत्या. तेव्हा अडकल्यापासून तासाभरात तिचा मेसेज आला: “नव्या फाइलमधल्या सगळ्या वेळा बरोबर चार तास मागे दिसतायत. मूळ फाइल उघडून पाहिली, तिथे ठीक आहेत. म्हणजे आपण भरतानाच टाइम झोन गमावतोय असं वाटतं. तुम्ही दहा मिनिटं देऊ शकाल का?” काय दिसतंय, काय तपासलं, कशाचा संशय आहे, सगळं चार वाक्यांत. चार आठवड्यांतला हा बदल मी फॉर्ममध्ये जवळजवळ जसाच्या तसा लिहिला. ‘संवादकौशल्य चांगलं’ असं लिहिलं असतं तर यातलं काहीच पोचलं नसतं.

पुढाकार: काय केलं आणि आधी कुणाला विचारलं

पुढाकाराच्या रकान्यात लोक सर्वात जास्त चुकतात, आणि दोन्ही बाजूंनी. मीटिंगमध्ये बोलणाऱ्या मुलाला पाच देतात, गप्प राहणाऱ्याला दोन. बोलणं म्हणजे पुढाकार नव्हे. आणि सांगितलेलं नसताना काहीतरी करणं हाही आपोआप चांगला पुढाकार ठरत नाही.

माझ्या कागदावर दोन प्रसंग होते. पहिला, मी सुट्टीवर असतानाचा. तिच्याकडे नेमून दिलेलं काम संपलं होतं आणि विचारायला कुणी नव्हतं. त्या दिवसांत तिने, नव्या माणसाने मशीन कसं तयार करायचं याची आमची जुनी टिपणी उघडली, स्वतः अडखळली होती त्या तीन जागा दुरुस्त केल्या आणि दुसऱ्या सहकाऱ्याकडे रिव्ह्यूला पाठवल्या. ती टिपणी चुकीची आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कुणी हात लावला नव्हता.

दुसरा प्रसंग पाचव्या आठवड्यातला. सामायिक लायब्ररीतल्या एका फंक्शनचं नाव तिला गोंधळाचं वाटलं (खरंच होतं), म्हणून तिने ते बदललं. आपल्या कोडमध्ये सगळीकडे बदललं, टेस्ट हिरव्या दिसल्या, घाईत असलेल्या एका सहकाऱ्याने मंजुरी दिली. पण तेच फंक्शन दुसऱ्या टीमचं रात्रीचं काम वापरत होतं. ते रात्री कोसळलं. सकाळी कुणी शोधत येण्याआधी तिनेच सगळ्यांच्या चॅनलवर लिहिलं की हे माझ्या बदलामुळे झालंय, बदल मागे घेतलाय.

या दोन प्रसंगांची सरासरी काढून ‘पुढाकार: 3’ लिहिणं म्हणजे दोन्ही प्रसंग वाया घालवणं. मी लिहिलं: ‘दिसलेली अडचण स्वतःहून दूर करते. आपल्या कामापलीकडच्या गोष्टीला हात लावताना ती आणखी कोण वापरतं हे तपासण्याची सवय अजून नव्हती. पाचव्या आठवड्यातल्या प्रसंगानंतर सामायिक कोडमधला प्रत्येक बदल आधी विचारून केला. चूक स्वतः जाहीर केली.’ वाचणाऱ्याला आता माणूस दिसतो.

पुढाकार दिसलाच नाही तर? लिहिण्याआधी उजवा रकाना बघा. रोज सकाळी चार छोटी कामं तोडून हातात दिली असतील, तर पुढाकाराला जागाच कुठे होती? अशा वेळी ‘पुढाकार कमी’ असं न लिहिता ‘कामाची रचना अशी होती की हे पाहता आलं नाही’ असं लिहा. फॉर्ममध्ये रिकामा रकाना चालतो. फार तर एचआर फोन करून विचारतील.

उणिवा: कोणती तिची, कोणती आपली

इथे जास्त वेळ द्या. बाकीचं घाईत लिहिलं तरी फार बिघडत नाही, पण उणीव चुकीची लिहिली तर मुलीचं नुकसान, आणि गोड करून लिहिली तर पुढच्या मेंटॉरचं.

प्रत्येक उणिवेला एक प्रश्न विचारा: हे तिला स्पष्ट दाखवलं होतं का, आणि दाखवल्यावर काय झालं? टेस्टचंच घ्या. मी तीन वेळा शेरा लिहिला होता, ‘टेस्ट वाढव.’ ती वाढवायची. पण सगळ्या टेस्ट सरळमार्गी: चांगली फाइल दिली, चांगलं उत्तर आलं. सातव्या आठवड्यात मी वैतागून तिच्याजवळ अर्धा तास बसलो, एक मुद्दाम बिघडवलेली फाइल घेतली आणि म्हणालो, “ही फाइल तुझी स्क्रिप्ट कशी पाडेल ते तू सांग.” दुसऱ्या दिवशी तिच्या पाच नव्या टेस्ट आल्या: रिकामी फाइल, गायब रकाना, दोनदा आलेली ऑर्डर, चुकीची तारीख, ऋण संख्या. म्हणजे अडचण तिच्या डोक्यात नव्हती, माझ्या शेऱ्यात होती. ‘टेस्ट वाढव’ याचा अर्थ काय हे मी सहा आठवडे सांगितलंच नव्हतं. ही उणीव फॉर्ममध्ये गेली नाही. उजव्या रकान्यात गेली.

दुसरी उणीव मात्र खरी होती. पहिल्या स्क्रिप्टमध्ये हे होतं:

```python
try:
    row["date"] = datetime.strptime(row["date"], "%m/%d/%Y")
except ValueError:
    continue
```

तारीख वाचता आली नाही तर ओळ सोडून पुढे जा, असा याचा अर्थ. फाइलमध्ये 1240 ओळी होत्या, डेटाबेसमध्ये 1198 आल्या. 42 ओळी कुठे गेल्या हे कुणालाच कळलं नसतं. मी सहज मोजल्या म्हणून कळलं. एका शाखेच्या 71 ओळींमध्ये तारीख आधी दिवस, मग महिना अशी होती आणि स्क्रिप्ट महिना आधी धरत होती. दिवस बारापेक्षा मोठा असलेल्या 42 ओळी गळाल्या. त्याहून वाईट म्हणजे उरलेल्या 29 ओळी गळाल्याच नाहीत. तीन एप्रिलचा चार मार्च होऊन त्या गुपचूप आत गेल्या.

तारखेची गफलत ही उणीव नव्हे. तिथे अनुभवी लोकही पडतात. उणीव ही की चूक दिसली की ती गिळून टाकायची. तिसऱ्या आठवड्यात मी तिला या 71 ओळी एकेक करून दाखवल्या, समोरासमोर. तिला पटलं. सहाव्या आठवड्यात दुसऱ्या स्क्रिप्टमध्ये ती गळणाऱ्या ओळी लॉगमध्ये लिहू लागली, हे पुढचं पाऊल. पण शेवटी स्क्रिप्ट ‘यशस्वी’ असंच छापून बाहेर पडत होती, मग निम्म्या ओळी गळाल्या तरी. रोज लॉग उघडून बघणारं कोण आहे?

दाखवलं होतं, समजलं होतं, अर्धं सुधारलं, अर्धं राहिलं. म्हणून ही लिहायची. माझा पहिला खर्डा होता: ‘कोडच्या दर्जाकडे अधिक लक्ष द्यायला हवं.’ हे वाक्य जगातल्या कोणत्याही इंटर्नला चिकटवता येतं, म्हणून खोडलं. दुसरा खर्डा: ‘निष्काळजी आहे.’ हे तर साफ खोटं; निष्काळजी माणूस स्वतःची चूक सकाळी सकाळी जाहीर करत नाही. शेवटी लिहिलं: ‘वाचता न आलेल्या ओळी तिची स्क्रिप्ट सोडून देते आणि तरी काम यशस्वी झाल्याचं कळवते. तिसऱ्या आठवड्यात दाखवल्यानंतर लॉग लिहू लागली, पण किती ओळी गळाल्यावर काम थांबवायचं हा विचार अजून स्वतःहून येत नाही. पुढच्या ठिकाणी पहिल्या महिन्यात तिच्या कोडमध्ये हीच गोष्ट तपासावी.’ काय घडतं, दाखवल्यावर काय बदललं, काय बाकी आहे आणि पुढच्याने काय बघायचं, एवढं असलं की पुरे. स्वभावाबद्दल एकही शब्द लागत नाही.

आकडे शेवटी

आता फॉर्म उघडा. आकडे देताना एक जुनी गंमत लक्षात असू द्या. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 साली दाखवून दिलं की लष्करी अधिकारी हाताखालच्या माणसांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व आणि चारित्र्य यांचे वेगवेगळे गुण देत असले, तरी ते सगळे गुण संशय यावा इतके एकमेकांसारखे येतात. एका गोष्टीचं तेज बाकी सगळ्यांवर पडतं. तुमच्या फॉर्ममध्ये सलग 4, 4, 4, 4 आले असतील तर तुम्ही एकच मत चार वेळा लिहिलंय.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक आकड्याला आधीच एक वागणूक बांधायची. पॅट्रिशिया स्मिथ आणि लोर्न केंडल यांनी 1963 मध्ये परिचारिकांच्या कामाचं मोजमाप करताना अशीच पट्टी मांडली होती. मोठं काही नको, चहा संपेपर्यंत होईल असं. मदत मागण्यासाठी माझी पट्टी अशी: 1 म्हणजे आपण विचारल्याशिवाय अडचण कळत नाही, 3 म्हणजे त्याच दिवशी सांगते, पण ‘चालत नाहीये’ एवढंच, 5 म्हणजे काय तपासलं आणि कशाचा संशय आहे हे घेऊन येते. ती एकपासून निघून पाचला पोचली होती. फॉर्ममध्ये एकाच आकड्याची जागा असेल तर शेवटचा आकडा टाका आणि सुरुवातीचा अभिप्रायात लिहा.

सगळ्या आकड्यांमध्ये निदान दोनाचा फरक नसेल तर मी फॉर्म पुन्हा वाचतो. ही काही शास्त्रीय कसोटी नाही, माझी सवय आहे.

पाठवण्याआधी तिला दाखवा

शेवटच्या दिवशी नको. शेवटच्या दिवशी केक असतो, फोटो असतात, कुणी नीट ऐकत नाही. तीन-चार दिवस आधी चाळीस मिनिटं ठेवा. त्याआधी तिला तीनच ओळी लिहून आणायला सांगा: काय शिकलीस, काय अजून जमत नाही, आमच्याकडून काय मिळालं नाही. आधी तिचं वाचा, मग आपलं दाखवा.

तिच्या दुसऱ्या ओळीत होतं, “टेस्ट लिहिणं.” गळणाऱ्या ओळींचा उल्लेख नव्हता. यातूनच मला कळलं की माझं बोलणं कुठे पोचलं आणि कुठे नाही. तिला वाटत होतं, लॉग लिहिला म्हणजे तो विषय संपला. मी तिचंच दुसरं लॉग उघडलं आणि विचारलं, “या रात्री 300 ओळी गळाल्या असत्या तर सकाळी तुला कुठून कळलं असतं?” ती जरा थांबली आणि म्हणाली, “नसतंच कळलं.” त्या तीन-चार दिवसांतच तिने मर्यादा घातली: शंभरात दोनपेक्षा जास्त ओळी गळाल्या तर स्क्रिप्ट थांबते आणि मेल जातो.

मग उणिवेचं वाक्य खोडायचं का? मी खोडलं नाही. ‘शेवटच्या आठवड्यात मर्यादा घातली, विचारल्यावर’ एवढं जोडलं. स्वतःहून सुचणं आणि विचारल्यावर करणं यांतला फरक तसाच उभा होता, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलं. ती फार खूश झाली नाही, पण वादही घातला नाही. चुकीची तारीख, चुकीचा प्रसंग तिने दाखवला तर मात्र लगेच दुरुस्त करा. माझ्या कागदावर परवानगीचे दोन दिवस लिहिले होते, ते तीन होते हे तिनेच सांगितलं. वस्तुस्थिती तिच्या म्हणण्याने बदलू शकते. मत बदलायचं तर नवा पुरावा लागतो.

शेवटची ओळ

फॉर्मच्या तळाशी बहुतेक वेळा एक प्रश्न असतो: पुन्हा घ्याल का? इथे ‘हो’ किंवा ‘नाही’ पुरत नाही. कोणत्या कामासाठी आणि किती देखरेखीखाली, ते लिहा. आठ आठवड्यांत काय दिसत नाही तेही लिहायला हरकत नाही. वर्षभर एकच कंटाळवाणं काम सांभाळावं लागलं तर ती कशी वागेल, दोन वरिष्ठांचं पटत नसेल तर मधे कशी टिकेल, स्वतः अंदाज बांधून दिलेली तारीख पाळेल का, यातलं मी काहीच पाहिलेलं नाही. म्हणून त्याबद्दल अंदाजही केला नाही.

तिच्या फॉर्ममधली माझी शेवटची ओळ अशी होती: ‘घ्यावी. डेटा भरण्याच्या कामावर दोन महिने रिव्ह्यूसह, त्यानंतर स्वतंत्र. पहिल्या दिवसापासून टेस्ट कुणीतरी शेजारी बसून दाखवाव्यात. आम्ही उशीर केला.’